सहा टक्के मागे म्हणजे नक्की किती दिवस मागे?

प्रश्न: सिन्नरजवळ एका पीईबी शेडच्या, म्हणजे कारखान्यात तयार होऊन साइटवर जोडल्या जाणाऱ्या स्टीलच्या शेडच्या कामावर मी प्लॅनिंग बघतो. काम बारा महिन्यांचं, दसऱ्याला सुरू झालं, सप्टेंबरअखेर द्यायचं आहे. मार्चअखेर एस-कर्व्हवर, म्हणजे महिनेवार एकूण प्रगतीच्या आलेखावर, प्लॅन 50 टक्के, प्रत्यक्ष 44 टक्के. आमचे साहेब म्हणतात, सहा टक्के म्हणजे काहीच नाही, निघून जाईल. क्लायंट म्हणतो, प्रोजेक्ट घसरलंय. स्टील 80 टक्के साइटवर आलंय, कॉलमखालची फूटिंग 64 पैकी 39 झालीत. एस-कर्व्ह बघून कोणाचं बरोबर ते कसं ठरवायचं? महिनेवार आकडे आणि कामांची वजनं असलेली शीट जोडली आहे.

उत्तर:

साहेब आणि क्लायंट दोघंही उभं अंतर मोजतायत, म्हणजे प्लॅनची रेघ आणि प्रत्यक्षाची रेघ यांच्यातली टक्क्यांची फट. पण उशीर टक्क्यांत होत नाही, दिवसांत होतो. म्हणून आधी आडवं अंतर मोजा. तुमच्या 44 टक्क्यांच्या बिंदूपासून डावीकडे सरळ रेघ ओढा आणि ती प्लॅनच्या रेघेला कुठे लागते ते बघा. म्हणजे आज जे काम झालंय, ते प्लॅनप्रमाणे कोणत्या तारखेला व्हायला हवं होतं?

तुमच्या शीटमध्ये फेब्रुवारीअखेर प्लॅन 36 आणि मार्चअखेर 50. मार्च महिन्यात 14 टक्के चढायचे होते. 44 गाठायला त्यातले 8 लागतात, म्हणजे महिन्याचा साधारण सत्तावन्न टक्के भाग, म्हणजे 18 मार्चच्या आसपास. तुम्ही आज 31 मार्चला तिथे उभे आहात. उशीर 13 दिवसांचा.

हे तेरा दिवस लक्षात ठेवा, पुढे ते मोडीत काढायचे आहेत. पण त्याआधी याच सहा टक्क्यांची गंमत बघा. हीच फट डिसेंबरअखेर असती, म्हणजे प्लॅन 13 आणि प्रत्यक्ष 7, तर प्लॅनने 7 टक्के डिसेंबरच्या पहिल्या चार-पाच दिवसांतच ओलांडले होते. उशीर 26 दिवसांचा झाला असता. आणि जुलैअखेर असती, प्लॅन 91 आणि प्रत्यक्ष 85, तर प्लॅनचे 85 जूनअखेरचे आहेत, म्हणजे पूर्ण एक महिना मागे. रेघ मधे उभी चढते, सुरुवातीला आणि शेवटी पसरट असते, म्हणून एकाच फटीचा अर्थ प्रत्येक महिन्यात वेगळा निघतो. "सहा टक्के म्हणजे काहीच नाही" हे वाक्य मार्चमध्ये अर्धवट चालेल, जुलैमध्ये अजिबात चालणार नाही.

यावर कोणी एसपीआय, म्हणजे झालेलं काम भागिले ठरलेलं काम, काढून दाखवेल, 44 भागिले 50, म्हणजे 0.88. काढू द्या, पण त्यावर विसंबू नका. काम संपतं तेव्हा झालेलं आणि ठरलेलं दोन्ही 100 होतात, आणि चार महिने उशिरा संपलेल्या कामाचा एसपीआयसुद्धा शेवटी 1 येतो. शेवटच्या टप्प्यात, नेमका जेव्हा आकडा हवा असतो, तेव्हा तो गोड बोलायला लागतो. वॉल्ट लिप्के यांनी 2003 मध्ये 'अर्न्ड शेड्यूल' ही पद्धत मांडली ती याच दुखण्यावर. आपण वर काढलेलं आडवं अंतर म्हणजे तिचंच साधं रूप.

आता त्या तेरा दिवसांकडे येऊ. मी नाशकात बावीस वर्षं हेच करतोय, अंबड, सातपूर, गोंदे, सिन्नर. पहिल्या-दुसऱ्या वर्षी मी मालकासमोर छाती फुगवून सांगितलं होतं की आपण प्लॅनच्या दोन टक्के पुढे आहोत. मालक म्हणाले, चला दाखवा. साइटवर गेलो तर इलेक्ट्रिकल पॅनल ताडपत्रीखाली झाकून ठेवलेले, आणि ज्या खोलीत ते बसायचे तिला छतच नव्हतं. पॅनल महाग, त्यांचं वजन मोठं, ते आले आणि माझी रेघ वर उडी मारून बसली. मालक काही बोलले नाहीत, फक्त ताडपत्रीचं टोक उचलून परत खाली टाकलं. त्या दिवसापासून मी कोणताही कर्व्ह आधी उसवून बघतो.

तुमचा उसवू. शीटमधली वजनं अशी आहेत: फाउंडेशन 18, पीईबीचं मटेरियल म्हणजे स्टील 30, इरेक्शन म्हणजे सांगाडा उभा करणं 8, छताचं आणि बाजूचं शीटिंग 6, फ्लोअरिंग 12, इलेक्ट्रिकल-फायर-प्लंबिंग या सर्व्हिसेस मिळून 16, बाहेरचं काम म्हणजे रस्ते-गटार-कंपाउंड 10. ही वजनं पैशांवरून काढलेली आहेत, आणि त्यात एकट्या मटेरियलचे 30 टक्के आहेत. कारखान्यातून ट्रेलर निघाला की सप्लायरचं बिल होतं, बिल झालं की तुमची रेघ चढते. साइटवर एक बोल्टही आवळलेला नसतो.

मार्चअखेर ठरलेल्या 50 मध्ये फाउंडेशन पूर्ण 18, मटेरियल 20, इरेक्शन 3, सर्व्हिसेस 3 आणि बाहेरचं काम 6 होतं. झालेल्या 44 मध्ये फाउंडेशन 11, मटेरियल 24, इरेक्शन शून्य, सर्व्हिसेस 2, बाहेरचं 7. आता मटेरियल दोन्हीकडून काढून टाका. उरलेल्या 70 पैकी 30 व्हायला हवे होते, झालेत 20. शंभराच्या मापात म्हणायचं तर 43 विरुद्ध 29. सहाची फट चौदा झाली.

कंपाउंडचा आकडाही बघा, तो प्लॅनच्या पुढे आहे. हे सगळ्या साइटवर होतं. फूटिंगच्या खड्ड्यात कठीण पाषाण लागला, ब्रेकर अडकला, की ठेकेदार मोकळी माणसं कंपाउंडच्या भिंतीवर लावतो. त्यात त्याचं चुकत नाही, मजूर बसवून ठेवणं त्याला परवडत नाही. पण कर्व्हला फक्त टक्के कळतात. सप्टेंबरपर्यंत कधीही झाली तरी चालणारी भिंत आणि आज अडलेलं फूटिंग त्याच्या लेखी सारखंच.

म्हणून पुढचा प्रश्न असा: जे काम मागे पडलंय, त्याच्यामागे काय काय अडून उभं आहे? हे एस-कर्व्ह सांगू शकत नाही, कारण त्यात क्रम नसतो. क्रम बार चार्टमध्ये असतो, आणि शेडच्या कामात तो फार सरळ असतो. फूटिंग, त्यावर अँकर बोल्ट, मग कॉलम आणि राफ्टर, मग पर्लिन, मग छताचे पत्रे. पत्रे लागले की खाली मुरमाचा भराव, त्यावर फ्लोअरिंग आणि वर केबल ट्रे, फायर लाइन. तुमच्या प्लॅनमध्ये मेअखेर 77 टक्के आहेत आणि पुढच्या चार महिन्यांना 23. त्या 23 पैकी फ्लोअरिंगचे 11 आणि सर्व्हिसेसचे 10, म्हणजे 21 टक्के काम छताखालचं आहे. ज्याने हा प्लॅन केला त्याला नाशिकचा पाऊस माहीत होता. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पाऊस धरतो, त्याआधी छप्पर घालायचं आणि पावसाळाभर आत सुकं काम करायचं, असा तो हिशोब आहे. छप्पर 25 मेला पूर्ण दाखवलंय, म्हणजे हाताशी दोन-अडीच आठवडे. तेरा दिवसांचा उशीर त्यात कसाबसा बसतो, आणि तुमच्या साहेबांना कदाचित तेच दिसतंय.

पण उशीर तेरा दिवसांचा आहे का? फूटिंग 64 पैकी 39 झाली. शीटमध्ये मार्चच्या चार आठवड्यांची नोंद आहे: 4, 3, 4, 3. आठवड्याला साडेतीनच्या गतीने उरलेली 25 व्हायला सात आठवडे लागतील. शेवटचं फूटिंग 20 मेच्या सुमारास. प्लॅनप्रमाणे ते फेब्रुवारीअखेर संपायचं होतं. म्हणजे या एका कामात उशीर जवळजवळ बारा आठवड्यांचा होणार, आणि एकूण कर्व्ह तेरा दिवस सांगतोय.

तरीही लगेच "बारा आठवडे घसरलं" असं लिहू नका. इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे आणि ती परिस्थिती फक्त तुम्हालाच बघता येईल. ड्रॉइंग घ्या आणि झालेली 39 फूटिंग लाल पेन्सिलीने भरा. शीटवरून मला दिसतंय की 16 ग्रिड आहेत आणि प्रत्येक ग्रिडवर चार कॉलम. एक फ्रेम उभी करायला त्या ग्रिडची चारही फूटिंग लागतात, आणि पहिल्या दोन फ्रेम ब्रेसिंगने बांधून स्थिर केल्या की पुढच्या त्यांच्या आधाराने उभ्या राहतात. म्हणून इरेक्शनवाल्याला एका टोकापासून सलग ग्रिड लागतात.

समजा लाल खुणा एका टोकापासून सलग आहेत, नऊ ग्रिड पूर्ण आणि दहाव्याची तीन. मग इरेक्शन येत्या आठवड्यात सुरू होऊ शकतं, आणि फूटिंगवाले पुढे, फ्रेमवाले मागे असं चालेल. 20 मेला शेवटचं फूटिंग, आठवडाभर क्युरिंग, जूनच्या तीन-चार तारखेला शेवटची फ्रेम, तिच्यामागून पत्रे, छप्पर 17 जूनला. उशीर तीन आठवड्यांचा. पावसाच्या तोंडाशी, पण निभावता येण्याजोगा.

आता समजा खुणा विखुरलेल्या आहेत. जिथे काळी माती, खोदणं सोपं, तिथली फूटिंग आधी झाली आणि दगड लागलेली मागे राहिली. सिन्नरकडे एकाच प्लॉटवर या कोपऱ्यात काळी माती आणि त्या कोपऱ्यात दोन फुटांवर पाषाण असतो, त्यामुळे ही शक्यता मला जास्त वाटते. मग संख्येने 39 असूनही सलग पूर्ण ग्रिड तीन-चारच निघतील. अशा अवस्थेत इरेक्शनवाला क्रेन आणत नाही. आणलीच तर दोन दिवस काम, चार दिवस उभी, आणि भाडं तुमच्या डोक्यावर. सुरुवात मेच्या पहिल्या आठवड्यात धरा. इरेक्शनला आठ आठवडे म्हणजे जूनअखेर, छप्पर जुलैच्या मध्यावर, तेही पावसाने आणि वाऱ्याने उघडीप दिली तर. उशीर सात आठवड्यांचा, आणि फ्लोअरिंगच्या भरावात मधल्या काळात पाणी साचलं तर तो सुकवण्याचा वेळ वेगळा.

दोन्ही बाबतीत प्रगती 44 टक्केच, कर्व्ह तोच आणि आडवं अंतर तेच. तीन आठवडे की सात, हे ड्रॉइंगवरच्या लाल खुणा ठरवतात. म्हणून माझ्या मते काम घसरलंय हे क्लायंटचं म्हणणं बरोबर आहे. किती घसरलंय हे मात्र त्यांनाही अजून माहीत नाही.

"निघून जाईल" हे साहेबांचं म्हणणं तपासायलाही एक पद्धत आहे. उरलेलं काम उरलेल्या महिन्यांनी भागू नका. 56 टक्के, सहा महिने, महिन्याला सव्वानऊ, आणि मार्चमध्ये तर आपण 11 केले, असा हिशोब मीटिंगमध्ये हमखास होतो आणि सगळ्यांना हायसं वाटतं. त्या 11 मधले 6 स्टीलच्या ट्रेलरचे होते. प्रत्यक्ष हातांनी केलेलं काम 5 टक्के. आणि स्टीलचे आता फक्त 6 टक्के शिल्लक आहेत, म्हणजे रेघेला वर ढकलणारा हा टेकू एप्रिलमध्ये संपेल. मेअखेर प्लॅन गाठायचा तर स्टील सोडून 47 टक्के व्हायला हवेत, झालेत 20. दोन महिन्यांत 27, महिन्याला साडेतेरा, मार्चच्या अडीचपटीपेक्षा जास्त. हा वेग वाढवायला नक्की काय येणार आहे, हे साहेबांना विचारा. दुसरा ब्रेकर, शटरिंगचा आणखी एक सेट, की नुसता निश्चय? पहिल्या दोन गोष्टी आल्या तर फूटिंग आठवड्याला सहा-सात होऊ शकतात आणि सगळी चर्चा बदलते. होळीला गावी गेलेले मजूर परतले का, हेही बघून घ्या. मार्चचा वेग त्यामुळे पडला असेल तर तो आपोआप थोडा सुधारेल आणि माझा सात आठवड्यांचा अंदाज तेवढा कडक ठरेल.

थोडं प्लॅनच्या रेघेबद्दल, कारण तिच्यावर कोणी संशय घेत नाही. शेड्यूलिंगच्या सॉफ्टवेअरमधून निघालेली रेघ बहुतेक वेळा लवकरात लवकरच्या तारखांवर काढलेली असते. कंपाउंडसारखी कामं तिथे पहिल्या संधीलाच दाखवलेली असतात, मग ती दोन महिने पुढे ढकलली तरी शेवटच्या तारखेला धक्का लागत नाही. म्हणून उशिरात उशिराच्या तारखांची दुसरी रेघ काढून बघा. दोन्हींच्या मधला पट्टा केळीसारखा दिसतो, त्याला बनाना कर्व्हच म्हणतात. प्रत्यक्षाची रेघ त्या पट्ट्यात असेल तर उशीर अजून मोकळ्या वेळेतून भागतोय अशी शक्यता असते. शक्यताच, कारण तिथेही स्टीलची उडी फसवते. खालच्या रेघेच्याही खाली गेलात तर मात्र वादाला जागा उरत नाही. आणि शीटवर प्लॅनचा कोणता रिव्हिजन नंबर आहे ते बघा. मध्येच कोणी 'सुधारित प्लॅन' टाकून फट कमी केली असेल तर क्लायंटने मंजूर केलेली पहिली रेघ पुन्हा काढा आणि दोन्ही दाखवा.

एक शंका फूटिंगच्या मोजणीबद्दल. 39 'झाली' म्हणजे काय झालं? फूटिंगचं काँक्रीट, की पेडेस्टल आणि अँकर बोल्टसकट? मी बोल्ट बसून सर्व्हेअरने तपासल्याशिवाय फूटिंग पूर्ण धरत नाही, कारण बोल्ट थोडे सरकले तरी कॉलमची बेस प्लेट बसत नाही आणि मग तोडफोड. तुमच्याकडे नुसतं काँक्रीट मोजलं असेल तर 39 चे 30 व्हायला वेळ लागणार नाही, आणि वरच्या सगळ्या तारखा तेवढ्या पुढे ढकला.

क्लायंटला द्यायच्या पानावर मी तीन गोष्टी ठेवेन. एकूण कर्व्ह, कारण तो त्यांना करारानुसार लागतोच. त्याखाली मटेरियल वगळून काढलेला कर्व्ह. आणि ग्रिडचं छोटं रेखाचित्र, पूर्ण झालेली फूटिंग भरलेली, शेजारी आठवड्याचा वेग आणि त्या वेगाने छप्पर कधी पूर्ण होतं ती तारीख. शेवटच्या तारखेचा अंदाज आत्ता देऊ नका. छप्पर कधी, एवढंच सांगा, कारण पुढचं सगळं त्याला टांगलेलं आहे. साहेबांना हे पान आधी दाखवा, क्लायंटसमोर त्यांना पहिल्यांदा दिसू देऊ नका. बहुतेक ते दुसऱ्या ब्रेकरचं पत्र त्याच दिवशी काढतील.

उद्या साइटवर गेलात की आधी लाल पेन्सिलीचं काम करा आणि सलग किती ग्रिड भरल्या ते इथे लिहा. चारपेक्षा कमी निघाल्या तर दगड लागलेल्या खड्ड्यांचा क्रम बदलून इरेक्शन कोणत्या टोकाकडून घ्यायचं ते बघू.